विसाव्या रेघेपर्यंत

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला औषधाच्या डोसची गणितं शिकवली गेली असं कागदावर आहे. खरं म्हणजे ती लिहून दिली गेली. नांदेडच्या आमच्या नर्सिंग स्कूलमधले ट्यूटर सर खुर्चीत बसून वहीतून वाचायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. हवा असलेला डोस भागिले हाती असलेला डोस, गुणिले किती मिली. त्याखाली बारा सोडवलेली उदाहरणं. परीक्षेत त्या बारांतलीच पाच यायची, आकडेही तेच. पाचशे मिली सलाईन चार तासांत द्यायचं, सेटमधून एका मिलीचे वीस थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब? बेचाळीस. हे मला देवाच्या आरतीसारखं पाठ होतं. बेचाळीस कुठून आले हे मात्र सांगता आलं नसतं.

मी देगलूरकडची. आई अंगणवाडीत, वडील एसटीत मेकॅनिक. बारावीला गणित सोडून दिलं ते दशांश चिन्हाच्या भीतीनं. टिंब एक घर इकडे गेलं की तिकडे, हे मला कधी कळायचंच नाही. होस्टेलमध्ये माझ्या शेजारच्या कॉटवर अर्धापूरची एक मुलगी होती. तिच्या घरी केळीची बाग. ती माझी मैत्रीण झाली ती या गणितांमुळेच.

वॉर्डात पहिल्या महिन्यात सिस्टरनं मला सलाईन लावायला सांगितलं. पाचशे मिली, सहा तास. मी थेंब मोजत बेचाळीसवर आणून ठेवले. मैत्रीण शेजारच्या बेडवर टेंपरेचर घेत होती. तिनं मनगटातल्या घड्याळाकडं बघितलं, थेंबांकडं बघितलं आणि सलाईनच्या नळीवरचं चाक थोडं आवळलं.

"बेचाळीस कशाला ठेवले गं? हे सहा तासाचं हाय."

"सरांच्या वहीत बेचाळीसच हाय."

"वहीत चार तास होते. पाचशे गुणिले वीस म्हंजे दहा हजार थेंब. सहा तासाचे मिनिटं किती? तीनशे साठ. दहा हजार भागिले तीनशे साठ कर. अठ्ठावीसच्या आसपास येतंय."

तिनं ते उभ्या उभ्या केलं, कागद न घेता. त्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत होस्टेलच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, ती मला शिकवायची. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर. मी अडले की ती तिच्या बागेतलं काहीतरी काढायची. "पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिली औषध टाकतेत. मग लिटरला किती? दोन. तू पंप कर म्हणलं की करशील, अन् इंजेक्शन म्हणलं की घाबरतीस."

एकदा तिनं मला उदाहरण घातलं. डॉक्टरनं डिगॉक्सिन १२५ मायक्रोग्रॅम लिहिलंय, गोळी ०.२५ मिलिग्रॅमची आहे, किती गोळ्या? मी सूत्र लावलं. एकशे पंचवीस भागिले पॉइंट पंचवीस. उत्तर आलं पाचशे. मी मोठ्या समाधानानं पाचशेखाली दोन रेघा ओढल्या.

"पाचशे गोळ्या?" ती म्हणाली. "बादलीत घालून द्यायच्या का?"

मग तिनं सांगितलं. एक वर मायक्रोग्रॅममध्ये आहे, एक खाली मिलिग्रॅममध्ये, तसं भागायचंच नाही. आधी दोन्ही एका मापात आण. हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम. म्हणजे एकशे पंचवीसचे झाले ०.१२५. आता भाग. अर्धी गोळी. "अन् भागायच्या आधी अंदाज कर. एक गोळी अडीचशेची, हवं सव्वाशे. निम्मंच लागणार हे दिसतंय की डोळ्याला. उत्तर अंदाजापासून लई लांब गेलं तर समजायचं, कुठंतरी चुकून राहिलो आपण."

आमच्या फीमेल मेडिकल वॉर्डात एक वयस्कर स्टाफ सिस्टर होती. शिकवणं तिचं काम नव्हतं, पण वर्गापेक्षा जास्त तिच्यामागं फिरून कळायचं. ती लहान मुलांच्या वॉर्डातून आली होती. तिनं आम्हा दोघींपुढं पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या ठेवल्या. नाव एक, रंग एक, चित्रही जवळपास एक. एकीत पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम, दुसरीत पाच मिलीत २५०. दहा किलोचं लेकरू, किलोला पंधरा मिलिग्रॅम, म्हणजे दीडशे. पहिलीतून सहा मिली, दुसरीतून तीन. "चमचे मोजू नका," ती म्हणाली, "बाटली वाचा. कपाटातून काढताना वाचा, भरताना वाचा, परत ठेवताना वाचा. तिन्ही वेळा तोंडानं वाचा." आणि डोस लिहिताना पाचापुढं टिंब देऊन शून्य लिहिलं की ती चिडायची. घाईत टिंब दिसलं नाही तर पाचाचे पन्नास होतात. तसंच टिंबाच्या आधी शून्य नसेल तर अर्ध्याचे पाच होतात. इन्सुलिनच्या कागदावर युनिट पूर्ण शब्दात लिहायला लावायची, कारण इंग्रजी यू घाईत शून्यासारखा दिसतो.

तिनं अजून एक सांगितलं होतं. दुसरीनं तपासायचं म्हणजे पहिलीचं उत्तर बघून मान हलवायची नाही. दुसरीनं कागद स्वतः वाचायचा, बाटली स्वतः हातात घ्यायची, आणि स्वतःचं उत्तर काढून मग पहिलीच्या सिरिंजकडं बघायचं. मी हे वहीत लिहून घेतलं. छान अक्षरात.

पुढचं सगळं दुसऱ्या वर्षातल्या एका सकाळचं आहे.

वॉर्डात सात नंबरच्या बेडवर माहूरकडची एक बाई होती. गडाच्या पायथ्याशी ती कुंकू-बांगड्यांचं दुकान मांडायची. पायाची जखम भरत नव्हती, साखर वाढलेली. रोज सकाळी नाष्ट्याआधी तिला साधं इन्सुलिन वीस युनिट द्यायचं असा डॉक्टरांचा कागद. आमच्याकडं येणारं इन्सुलिन चाळीसचं, म्हणजे एका मिलीत चाळीस युनिट. त्याच्या सिरिंजेस लाल टोपणाच्या, एका मिलीवर चाळीस रेघा. एक रेघ म्हणजे एक युनिट, त्यामुळं हिशोब कधी करावाच लागायचा नाही. वीस म्हटलं की विसाव्या रेघेपर्यंत ओढायचं.

त्या आठवड्यात वॉर्डातलं इन्सुलिन संपलं. बाईच्या मुलीला चिठ्ठी दिली, तिनं बाहेरच्या मेडिकलमधून आणलं. मेडिकलवाल्यानं शंभरचं दिलं. एका मिलीत शंभर युनिट. त्याची सिरिंज वेगळी असते, नारंगी टोपणाची, मिलीवर शंभर रेघा. ती कोणी आणली नाही, कोणी मागितलीही नाही. ट्रेमध्ये लाल टोपणाच्या होत्या.

सकाळी आठच्या सुमारास ड्युटीवरची सिस्टर आम्हाला म्हणाली, "सातच्या बेडचं इन्सुलिन करून घ्या दोघी. एकीनं भरायचं, एकीनं बघायचं. मला राऊंडची तयारी हाय." ती वयस्कर सिस्टर त्या महिन्यात सुट्टीवर होती.

मैत्रिणीनं भरलं. मी तीन बेड पलीकडं बीपी घेत होते. कानात स्टेथोस्कोप. तिनं सिरिंज वर धरली आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "वीस. बघ गं."

मी तिथूनच बघितलं. सिरिंज दिसली, तिचा चेहरा दिसला. चेहरा वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीचा होता, तिचं कधी चुकत नव्हतं. मी म्हणाले, "हाव, बराबर हाय."

बाटली मी हातात घेतली नाही. घेतली असती तर कदाचित मलाही कळलं नसतं, हे मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण शंभर हा आकडा त्या लेबलवर मोठ्या अक्षरात छापलेला होता.

जिला दहा हजाराला तीनशे साठनं तोंडी भागता यायचं तिला इथं भागायला काहीच नव्हतं. वीस हवेत, विसाव्या रेघेपर्यंत ओढले. त्या सिरिंजमध्ये विसावी रेघ म्हणजे अर्धा मिली. शंभरच्या इन्सुलिनचा अर्धा मिली म्हणजे पन्नास युनिट. बाईच्या पोटाच्या कातडीखाली अडीचपट गेलं. त्या दिवशी नाष्ट्याची गाडीही उशिरा आली.

साडेनऊच्या आसपास बाईची मुलगी धावत आली. "आई घामानं भिजलीय, काहीबाही बोलून राहिलीय." आम्ही गेलो तर तिचे हात थंडगार, साडी ओली, डोळे आमच्याकडं पण बघणं कुठंच नाही. हाका मारल्या तर ओ देईना. बोटाला टोचून साखर बघितली, चौतीस. डॉक्टर धावत आले. पंचवीस टक्क्यांचं डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, शंभर मिली शिरेतून दिलं, मग त्याचंच दहा टक्क्यांचं सलाईन. इन्सुलिन अंगात टिकून होतं म्हणून दर तासाला साखर बघायला सांगितलं. काही मिनिटांतच बाईनं डोळे उघडले आणि पदर सावरला, एवढं मी बघितलं.

बाटली डॉक्टरांनी हातात घेतली. मग सिरिंज. मग विचारलं, "कोणी भरलं?"

"मी," मैत्रीण म्हणाली.

तिला लगेच होस्टेलवर पाठवलं. वॉर्डात पाय ठेवायचा नाही असं सांगितलं. बाईच्या मुलीला सिस्टरनं सांगितलं, "साखर अचानक उतरली, होतं असं कधी कधी." मुलगी हात जोडून म्हणाली, तुम्ही होतात म्हणून आई वाचली.

तीन दिवसांनी प्राचार्य मॅडमच्या केबिनमध्ये चौकशी झाली. मॅडम, ट्यूटर सर, वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर, त्या सकाळची ड्युटी सिस्टर. आम्ही दोघी उभ्या. सिस्टर म्हणाली, मी दोघींना मिळून करायला सांगितलं होतं, एकीनं भरायचं, एकीनं तपासायचं. सर म्हणाले, डोसची गणितं आम्ही पहिल्या वर्षीच पूर्ण शिकवलीत, सगळ्यांच्या वह्या आहेत. त्या बारा उदाहरणांत इन्सुलिनचं एकही नव्हतं, हे त्या खोलीत बोलायची कोणाची हिंमत नव्हती.

मग मॅडमनी मला विचारलं, "तू तपासलं होतंस का?"

मी म्हणाले, "मी बीपी घेत होते मॅडम. मला दाखवलंच नाही."

मैत्रिणीनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मॅडमनी तिला विचारलं, "खरंय का हे?" ती खाली बघून म्हणाली, "हाव मॅडम."

तिला सहा महिन्यांसाठी काढलं. सहा महिन्यांनी परत बसता आलं असतं, पण तिचे वडील टेम्पो घेऊन आले आणि पेटी, गादी, बादली सगळं घेऊन गेले. मी त्या दिवशी मुद्दाम लायब्ररीत बसून राहिले. पुढच्या वर्षी तिचं लग्न झाल्याचं कळलं. पत्रिका होस्टेलच्या पत्त्यावर सगळ्या बॅचसाठी मिळून एक आली होती. मी गेले नाही.

मी पास झाले. पुढं डिग्री केली. आता लातूरच्या एका खासगी नर्सिंग कॉलेजात शिकवते. गणित न येणारी मी तिथं डोसची गणितं शिकवायचे, आणि चांगली शिकवायचे. टेबलावर दोन बाटल्या ठेवायचे, लाल टोपण, नारंगी टोपण. पोरींना विचारायचे, शंभरच्या बाटलीतले वीस युनिट लाल सिरिंजच्या कितव्या रेघेवर येतील? वीस युनिट म्हणजे ०.२ मिली, चाळीस रेघांतल्या आठ. हे काढता आलं की त्या खूश व्हायच्या. मग सांगायचे, आता ही आठवी रेघ विसरा. वॉर्डात असं रूपांतर करत बसायचं नाही. जुळणारी सिरिंज मिळेपर्यंत इन्सुलिन भरायचंच नाही, मग राऊंड थांबला तरी चालेल. त्यानंतर एका हुशार विद्यार्थिनीची गोष्ट सांगायचे, जिनं बाटली वाचली नाही. दरवर्षी सांगायचे.

मागच्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "मॅडम, दुसरीनं तपासलं नव्हतं का?"

"तपासलं होतं," मी म्हणाले. "लांबून."

"मग तिला काय झालं?"

मी घड्याळाकडं बघितलं आणि पुढचं उदाहरण फळ्यावर लिहिलं.

त्या रविवारी मी अर्धापूरची गाडी पकडली. मैत्रिणीचं सासर गावातच होतं, पत्ता जुन्या बॅचमधल्या एकीनं दिला. ती ओट्यावर ज्वारी निवडत होती. ओळखलं तिनं लगेच. "ये," म्हणाली, जसं काही मी मागच्या आठवड्यात येऊन गेले होते. पाणी दिलं, चहा ठेवला. दोन लेकरं, सासूला साखरेचा आजार. तिचं इन्सुलिन ही देते. कप्प्यातून काढून तिनं मला पेन दाखवलं, आकडा फिरवायचं. "यात रेघाच न्हाईत," ती म्हणाली.

मी म्हणाले, "मी त्या दिवशी खोटं बोलले."

"ठाव हाय की मला."

"तू का गप बसलीस?"

ती चहा गाळत होती. "मी खरं सांगितलं असतं तर दोघी गेलो असतो. माझं तर गेलंच होतं." कप माझ्यापुढं सरकवत म्हणाली, "लई उपकार केले म्हणून न्हाई. तवा मला बोलायचं सुचलं न्हाई. नंतर लई सुचलं. पाच वर्षं तुझा राग करून राहिले मी. मग कामं वाढली."

मी माफी मागायला लागले तर तिनं हातानं थांबवलं. "ते ऱ्हाऊ दे. एक सांग. ती माहूरची बाई घरी गेली का नीट?"

ती बाई चौथ्या दिवशी वॉर्डातून चालत गेली होती, मुलीच्या खांद्याला धरून. त्या दिवशी होस्टेलवर परत येऊन मी जेवले होते, अभ्यास केला होता. पेटी उचलायला अजून दोन दिवस होते. शेजारच्याच कॉटवर ती बसली होती.

"गेली," मी म्हणाले. "चौथ्या दिवशी. चालत."

"मला कोणी सांगितलंच न्हाई," ती म्हणाली. "शुद्धीवर आली एवढंच ऐकलं होतं. मला वाटायचं, नंतर मेली असंल अन् माझ्यापासून लपवलं असंल."

अकरा वर्षं तिला तसं वाटत होतं. एका फोनचं काम होतं.

लातूरला परत आल्यावर मी वर्गात सांगितलं की ती दुसरी मुलगी मी होते. काय बघितलं, काय बघितलं नाही, चौकशीत काय बोलले, सगळं. एकीच्या डोळ्यांत पाणी होतं, एकीच्या चेहऱ्यावर सरळ किळस होती. मला दोन्ही बरोबर वाटलं.

आठवड्याच्या आत प्राचार्य सरांनी बोलावलं. कोणीतरी घरी सांगितलं, घरच्यांनी संस्थेत. सर वाईट बोलले नाहीत. खुर्ची दिली, चहा मागवला.

"मॅडम, असं वर्गात सांगायचं नसतं. पालक म्हणतात, यांनाच येत नव्हतं तर शिकवतात कसं."

"मला येत नव्हतं हे खरंय सर. म्हणून तर सांगितलं."

"आणि चाचणीत तुम्ही निम्म्या वर्गाला नापास केलंय. एका टिंबासाठी पूर्ण मार्क कापता?"

"टिंब चुकलं की डोस दहापट होतो सर."

"ते वॉर्डात बघतील शिकून," ते म्हणाले.

मार्क मी वाढवले नाहीत. ते ऑफिसात वाढवले गेले. नव्या सत्रात डोसची गणितं माझ्याकडून काढून दुसऱ्या मॅडमना दिली, मला कम्युनिटी हेल्थ दिलं. बाटल्या आणि सिरिंजचा माझा ट्रे लॅबच्या कपाटात गेला, त्याची किल्ली क्लार्ककडं असते. नव्या मॅडम नुकत्याच पास होऊन आल्यात, मनानं चांगल्या आहेत. परवा मी त्यांच्या वर्गावरून जात होते. दार उघडं होतं. त्या वहीतून वाचत होत्या आणि साठ मुली खाली माना घालून उतरवून घेत होत्या.